आवाजाच्या क्लिपवर ‘९८ टक्के बनावट’ असा शिक्का बसतो तेव्हा

‘मधे श्वास ऐकू आला की आवाज खरा’ असा एक फॉरवर्ड अजून फिरतो. त्याचे दिवस गेले. कुणाच्याही आवाजाची नक्कल करणारी, म्हणजे क्लोनिंगची, आजची साधनं श्वास, अडखळणं, मधलं ‘अं…’ सगळं घालून देतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२३ साली ५२९ जणांना इंग्रजी आणि मँडरिनमधल्या क्लिप ऐकवल्या. बनावट आवाज ओळखता आले ते सुमारे ७३ टक्के वेळा. कानावर भागत नाही म्हणून लोक बनावट आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरकडे, म्हणजे डिटेक्टरकडे, वळतात. पण तो शोधतो काय?

बनावट आवाज बऱ्याचदा दोन टप्प्यांत तयार होतो. आधी मजकुरावरून एक नकाशा बनतो: कुठल्या क्षणी, कुठल्या वारंवारतेच्या पट्ट्यात किती ऊर्जा आहे. याला मेल-स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. पट्टे बहुधा ८० असतात, खालच्या वारंवारतेला बारीक आणि वर जाल तसे रुंद, कारण आपला कानही तसाच ऐकतो. या नकाशात ऊर्जा असते, पण फेज नसते, म्हणजे त्या क्षणी लाट चढत होती की उतरत होती याची नोंदच नसते. दुसऱ्या टप्प्यातला व्होकोडर ही उणीव अंदाजाने भरून प्रत्यक्ष ध्वनिलहर उभी करतो.

‘आ’, ‘ई’सारख्या स्वरांत लहर पुन्हा पुन्हा जवळपास तशीच येते, त्यामुळे तिथे अंदाज छान जमतो. ‘स’, ‘श’मध्ये मात्र नुसता खरखराट असतो, आणि तो नेमका वरच्या, रुंद पट्ट्यांत. शिवाय नकाशाची एकेक चौकट ताणून तिच्यातून आवाजाचे २५६ नमुने, म्हणजे लहरीच्या उंचीची क्षणाक्षणाची मापं, काढायचे असतात (हा आकडा साधनागणिक बदलतो). ताणताना काही व्होकोडर तयार आवाजाच्या अशाच नकाशात ठरावीक अंतरावर पुसट आडव्या रेषा सोडतात. कानाला त्या कळत नाहीत, डिटेक्टर मात्र अशाच खुणांवर जगतो.

आता गोची बघा. या खुणा मुख्यतः वरच्या वारंवारतेत आणि क्षीण असतात, आणि ‘कानाला फरक पडत नाही’ म्हणून फाइल लहान करणारं कॉम्प्रेशन पहिल्यांदा तेच फेकून देतं. साध्या फोन कॉलमध्ये सेकंदाला ८००० नमुने घेतात, म्हणून त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या, वर काहीच उरत नाही. ‘स’चा मोठा भाग तिथेच संपतो. व्हॉट्सअॅपची व्हॉइस नोट ओपस पद्धतीने दाबलेली असते. ती नुसती फॉरवर्ड करण्यापेक्षा जास्त नुकसान होतं ते तिचा व्हिडिओ बनवला किंवा दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड केली की. उलट कॉम्प्रेशनच्या स्वतःच्याही खुणा उमटतात, त्यामुळे खरी क्लिप बनावट ठरू शकते.

हे घरी बघता येतं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून ट्रॅकच्या मेनूत स्पेक्ट्रोग्राम निवडा. ४ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी आडवी रेघ असेल, तर आवाज कधीतरी फोनच्या अरुंद वाटेने आलेला असण्याची दाट शक्यता आहे. वरचा पुरावा गेला. फाइलच्या माहितीत सेकंदाला किती नमुने हे सांगणाऱ्या आकड्याला मात्र भुलू नका:

```
ffprobe note.opus
```

ओपस फाइलला ही आज्ञा `48000 Hz` असंच सांगते, मूळ आवाज कितीही अरुंद असला तरी.

दुसरा घोळ प्रशिक्षणाचा. डिटेक्टरमधलं मॉडेल खऱ्या आणि बनावट फाइलींच्या संचावरून शिकतं. या क्षेत्रातला एक प्रसिद्ध नमुनासंच म्हणजे एएसव्हीस्पूफ २०१९, सगळा इंग्रजी. २०२१ साली एका अभ्यासात दिसलं, की त्यातल्या खऱ्या आणि बनावट फाइलींच्या सुरुवातीच्या शांततेची लांबीच वेगवेगळी होती. आवाज न ऐकता फक्त ती लांबी मोजली, तरी सुमारे ८५ टक्के उत्तरं बरोबर येत होती! शांतता कापली की चांगली म्हणवणारी मॉडेलंही घसरली. अशा मॉडेलला खोकल्याने सुरू होणारी मराठी क्लिप देऊन न्यायनिवाडा मागायचा, आणि वाहिनीने ‘९८ टक्के फेक’ची पट्टी झळकवायची, म्हणजे पोपटाकडून चिठ्ठी काढून घेण्यासारखंच.

डिटेक्टर खरोखर ९५ टक्के अचूक आहे असं धरा. १००० क्लिप आल्या, त्यांत २० बनावट. तो १९ पकडेल. उरलेल्या ९८० खऱ्यांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९, त्यालाही बनावट वाटतील. शिक्का बसलेल्या ६८ क्लिपपैकी ४९ खऱ्या.

म्हणून मुरलेले तपासनीस आधी मूळ फाइल मागतात आणि ती कुठून आली याचा माग काढतात. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मतदारांना जो बायडेन यांच्या नकली आवाजात, पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या ‘प्रायमरीत मत देऊ नका’ असे फोन गेले. आवाजाचं विश्लेषण झालंच, पण ते फोन कुणी लावले ते उलगडलं दूरसंचार कंपन्यांच्या नोंदींचा माग काढून. ते करवून घेणाऱ्या राजकीय सल्लागाराला अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने ६० लाख डॉलर दंड ठोठावला.

पैसे मागणारा ‘भाच्याचा’ फोन आला तर स्पेक्ट्रोग्राम काढत बसू नका. फोन ठेवा आणि आपल्याकडे आधीपासून असलेल्या त्याच्या नंबरवर स्वतः लावा. आलेल्या कॉलवरच ‘खरंच तूच ना?’ असं विचारून काही हाती लागत नाही.