वाटाण्याएवढं म्हणजे नेमकं किती: स्किनकेअर व्हिडिओची संहिता लिहिताना

माझी भाची नाशिकला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पाच मिनिटांच्या मराठी व्हिडिओसाठी तिने लिहिलेली संहिता तिने मला तपासायला पाठवली, कारण मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. सकाळच्या सात पायऱ्या, रात्रीच्या सहा, आणि अगदी शेवटी एक ओळ: ‘वापरण्याआधी पॅच टेस्ट करा.’

पहिली दुरुस्ती मी त्या ओळीचीच केली. शेवटपर्यंत थांबणारे थोडे असतात, आणि तोवर नवी क्रीम चेहऱ्याला लागलेलीही असते. म्हणून ही सूचना पहिल्या पायरीच्या आधी आली, आणि ‘करा’ एवढ्यावर न थांबता कशी करायची तेही त्यात आलं: कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर रोज दोनदा, सलग सात दिवस. ॲलर्जी दिसायला दोन-तीन दिवसही लागतात, त्यामुळे एका रात्रीत काही झालं नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. फेसवॉशसारखी धुऊन टाकायची वस्तू मात्र अशी लावून ठेवायची नाही. आणि हाताला चाललेली क्रीम चेहऱ्यावर मुरूम आणणार नाही, याची खात्री ही चाचणी देत नाही. तेवढं वाक्यही संहितेत हवं.

मग क्रम. ‘आधी पातळ, नंतर घट्ट’ हा नियम तिने लिहिला होता, तो ठीक आहे. पाण्यासारखं सीरम जाड क्रीमच्या थरावर लावलं तर त्वचेपर्यंत कमी पोचतं. पण टोनर आणि सीरम यांत पुढे-मागे झालं तर फारसं बिघडत नाही. क्रम खरोखर महत्त्वाचा आहे तो सनस्क्रीनचा. सनस्क्रीनने त्वचेवर सलग थर धरायचा असतो. त्यावर दुसरी क्रीम चोळली की तो थर फाटतो. म्हणून सकाळी चेहरा धुणं, मॉइश्चरायझर आणि शेवटी सनस्क्रीन, एवढ्या तीनच पायऱ्या ठेवल्या. तेलकट त्वचेला मधली पायरीही गाळता येते, कारण बहुतेक सनस्क्रीनमध्ये थोडा ओलावा असतोच.

इथे मी तिला आकडेमोड करायला लावली. सनस्क्रीनचा एसपीएफ प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावतात. मोठ्या माणसाचा चेहरा साधारण 500 ते 600 चौरस सेंटिमीटर धरला, तर एका वेळी निदान एक ग्रॅम लागतं. म्हणजे 50 ग्रॅमची ट्यूब नुसत्या चेहऱ्याला, दिवसातून एकदा लावली तरी पन्नासेक दिवसांत संपायला हवी. मान धरली तर आणखी लवकर. तुमची ट्यूब सहा महिने पुरत असेल, तर डब्यावर एसपीएफ 50 लिहिलेलं असलं तरी चेहऱ्याला तेवढं संरक्षण मिळत नाही. व्हिडिओत हे सांगण्यापेक्षा दाखवावं, म्हणून संहितेत असं लिहिलं:

दृश्य: तर्जनी आणि मधलं बोट. दोन्ही बोटांवर सनस्क्रीनची पूर्ण लांबीची रेघ. कॅमेरा जवळ, तीन सेकंद स्थिर.
निवेदन: ‘चेहरा आणि मान मिळून एवढं. हे जास्त वाटेल. दोन वेळा करून लावा. उन्हात काम असेल, घाम येत असेल, तर दोन तासांनी पुन्हा.’

रात्रीच्या सहा पायऱ्यांत तिने ग्लायकोलिक ॲसिड आणि रेटिनॉल एकाच रात्री घेतलं होतं. दोन्हींनी त्वचा सोलवटते, आणि एकत्र लावली तर आग होऊन लाल होते. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेचा प्रश्न याच्या पुढचा आहे: आग शमली तरी तिथे तपकिरी डाग उरतो आणि तो जायला कित्येक महिने घेतो. डाग घालवायला आणलेल्या वस्तूने नवा डाग पाडल्याचे चेहरे मी दवाखान्यात नेहमी बघते, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

म्हणून रेटिनॉल एकटंच ठेवलं. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं, आणि वाटाणा म्हणजे ताजा हिरवा, भिजवून फुगलेला नव्हे; तोही शेजारी ठेवून दाखवायचा. चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर लावायचं. डोळ्यांच्या पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे सोडायचे. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री, सोसलं तर एक रात्र वाढवायची. कोरड्या त्वचेने आधी मॉइश्चरायझर लावून त्यावर रेटिनॉल लावावं. परिणाम थोडा सौम्य होतो, पण टिकून वापरता येतं. गरोदर असणाऱ्या किंवा तशी तयारी करणाऱ्या बाईने ते लावूच नये. हे वाक्य रेटिनॉलची बाटली पडद्यावर येताच बोलायचं.

थोडं कोरडेपण, नाकाशेजारी बारीक साल निघणं हे सुरुवातीला चालतं. थांबायचं कधी, याची खूण सोपी आहे: नुसतं पाणी किंवा रोजचं साधं मॉइश्चरायझर लावल्यावरही चरचरलं, तर त्वचेचं वरचं आवरण दुखावलं आहे. मग सगळं बंद करून फक्त सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. चरचर पूर्ण थांबल्याखेरीज पुन्हा सुरू करायचं नाही.

‘सात दिवसांत फरक’ हे तिचं शीर्षक मी खोडलं. मुरमांवरच्या उपचाराचा अंदाज यायला साधारण बारा आठवडे द्यावे लागतात. रंध्रं बंद होत नाहीत, त्यांना उघडझाप करणारा स्नायूच नसतो. तेल आणि मळ निघाला की ती लहान दिसतात, इतकंच. जन्मजात रंग कुठल्याही क्रीमने बदलत नाही.

त्वचेचा प्रकार ओळखायला तिने प्रश्नावली लिहिली होती. त्याऐवजी सौम्य फेसवॉशने चेहरा धुवून, काही न लावता अर्धा तास थांबायला सांगितलं. सगळीकडे ताण वाटला तर कोरडी, कपाळ-नाक चकाकलं तर तिथे तेलकट. पण हा निकाल कायमचा नसतो. नाशिकच्या डिसेंबरात ओढलेली त्वचा मे महिन्यात कोकणात तेलकट होते. आणि फक्त कपाळावर, केसांच्या रेषेलगत बारीक पुटकुळ्या असतील, तर फेसवॉश बदलण्याआधी डोक्याच्या तेलाकडे बघावं. रात्रभर चोपडलेलं तेल उशीवरून कपाळावर येतं.

एक गोष्ट तिच्या संहितेत नव्हतीच. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, ‘गोरं होण्याची’ म्हणून घराघरांत फिरणारी ट्यूब. तिच्यावर बारीक अक्षरांत मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल लिहिलेलं असतं. ही स्टिरॉइडं आहेत. पहिले काही दिवस चेहरा उजळ, गुळगुळीत दिसतो, म्हणून विश्वास बसतो. काही महिन्यांत त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, मुरूम आणि लव वाढते, आणि ट्यूब सोडली की चेहरा भडकतो. अशा चेहऱ्यावर रेटिनॉल लावणं म्हणजे जखमेवर मीठ.

‘मावशी, हे शेवटी घालू का?’ तिने विचारलं. मी म्हटलं, सगळ्यात आधी, पॅच टेस्टच्याही आधी. आता तिचा व्हिडिओ असा सुरू होतो:

दृश्य: एक जुनी, दाबलेली ट्यूब. नाव झाकलेलं, घटकांची ओळ स्पष्ट.
निवेदन: ‘तुम्ही अशी ट्यूब महिनाभराहून जास्त लावत असाल, तर हा व्हिडिओ तुमच्यासाठी नाही. ती एकदम बंदही करू नका. ट्यूब पर्समध्ये टाका आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.’