नावडत्या भावाची उदासी चाळिशीतही का जात नाही

आईचा सगळ्यात लाडका कोण, हे ओळखायला सांगितलं तर तिची मोठी झालेली मुलं बऱ्याचदा चुकतात. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या परिसरात जिल सुइटर आणि कार्ल पिलेमर या समाजशास्त्रज्ञांनी २००१ पासून ६५ ते ७५ वर्षांच्या साडेपाचशेहून जास्त आयांना विचारलं, तुमचा सगळ्यात जास्त जीव कोणत्या मुलात आहे? ‘सगळी मुलं सारखीच’ असं आयांनी म्हणायचं असतं, पण बहुतेकींनी सरळ एकाचं नाव घेतलं. मुलांनाही वेगळं गाठून तेच विचारलं. आईचं कुणीतरी लाडकं आहे, हे बहुतेक मुलांना माहीत होतं. ते कोण, हे मात्र निम्म्याहून कमी मुलांना बरोबर सांगता आलं.

या अभ्यासातून पुढे आलेल्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. २००९ मध्ये याच चमूनं दाखवलं की, चाळिशी-पन्नाशीतल्या भावंडांमधल्या तणावाचा संबंध आई आज कुणाला झुकतं माप देते यापेक्षा, लहानपणी तिनं कुणाला झुकतं माप दिल्याचं आठवतं याच्याशी जास्त आहे. आणि २०१७ मध्ये असं दिसलं की, ‘आईची सर्वांत जास्त निराशा माझ्यामुळे झाली’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यात उदासीची लक्षणं जास्त असतात. गंमत म्हणजे ‘आईच्या सगळ्यात जवळचा मीच’ असं मानणाऱ्यांतही ती जास्तच होती, कारण इतर भावंडांचा रोष आणि आईच्या मनाचा भार दोन्ही त्यांच्याच वाट्याला येतो. लाडका भाऊ सुखात आहे हे नावडत्या भावाचं गृहीतकही तपासून पाहण्यासारखं आहे.

आता सोलापुरात येऊ. पुढचं उदाहरण अनेकांच्या अनुभवांतून जुळवलेलं आहे, कुणा एकाचं नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा लहान कारखाना चालवणारा ४३ वर्षांचा थोरला भाऊ. बारावीनंतर वडिलांनी त्याला लूमवर बसवलं आणि दोन वर्षांनी धाकट्याला इंजिनिअरिंगला पुण्याला पाठवलं. थोरल्याचे मार्क काही कमी नव्हते. ‘याला काय, हा सांभाळून घेईल’ एवढंच कारण त्याच्या कानावर पडलं. आज वडील नाहीत. आई थोरल्याकडेच असते. तिच्या बीपीच्या गोळ्या दर रविवारी डबीत भरणं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांत थेंब घालणं, हे सगळं तोच करतो. रोज रात्री पुण्याहून फोन येतो, आई स्पीकर चालू करते आणि तिचा आवाज एकदम दहा वर्षांनी लहान होतो. ‘जेवलास का रे बाळा?’ हा प्रश्न थोरल्याला कोणी विचारल्याचं त्याला आठवत नाही. खरं तर तो तिच्या समोरच जेवत असतो, तेव्हा विचारणार तरी कशाला?

हा माणूस रडत नाही, कामाला दांडी मारत नाही, गड्ड्याच्या यात्रेत मुलांना पाळण्यातही बसवतो. पण कशातच त्याचा जीव रमत नाही. पहाटे चारला जाग येते, अंगात त्राण नसतं, साधा निर्णय घ्यायला चार दिवस लागतात. बायको म्हणते, यांचा स्वभावच असा. लग्न झालं तेव्हापासून असेच आहेत.

हे ‘स्वभावच असा’ इथेच रोगनिदान हुकतं. मानसोपचारात याला दीर्घकालीन नैराश्य किंवा डिस्थायमिया म्हणतात. निकष असा की, किमान दोन वर्षं, बहुतेक दिवशी, दिवसाचा बराचसा वेळ मन खिन्न असतं आणि या काळात सलग दोन महिनेही पूर्ण बरे जात नाहीत. सोबत भूक, झोप, ताकद, स्वतःबद्दलचं मत, एकाग्रता आणि आशा या सहांपैकी किमान दोन गोष्टी बिघडलेल्या असाव्या लागतात. तीव्र नैराश्यात माणूस अंथरुणाला खिळतो, मग घरचे धावपळ करतात. इथे माणूस कामावर जात राहतो, म्हणून कुणी दवाखान्यात नेत नाही. ज्यांना हा त्रास विशीच्या आत सुरू होतो त्यांना तर आपण बरे असताना कसे होतो हे माहीतच नसतं.

लहानपणचा दुजाभाव हे या आजाराचं एकमेव कारण असं कुणी म्हणणार नाही. आनुवंशिकता असते, इतर आघात असतात, आणि थायरॉइड, रक्तातलं लोह किंवा बी-१२ कमी असलं तरी अशीच मरगळ येते. त्या तपासण्या आधी करून घेतात. शिवाय आठवणींचाही एक घोळ आहे. गॉर्डन बॉवर या मानसशास्त्रज्ञानं १९८१ मध्ये दाखवलं की, खिन्न मनाला खिन्न आठवणी चटकन सापडतात. म्हणजे दुजाभावामुळे उदासी येते, तशीच उदासीमुळे दुजाभावाच्या आठवणी जास्त ठळक होतात. यातलं कोण आधी, हे चाळिशीतल्या माणसाला प्रश्न विचारून नक्की ठरवता येत नाही. बॉस्टनमध्ये बहुतेक मुलं आईपासून वेगळी राहतात, हाही फरक धरायला हवा. एका छपराखाली राहून आईचा तो फोनवरचा आवाज रोज ऐकणं ही गोष्ट वेगळीच.

तरी एक धागा बराच पक्का आहे. अमांडा कोवाल आणि लॉरी क्रेमर यांनी १९९७ मध्ये ११ ते १३ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं की आईवडील भावंडांना वेगवेगळं वागवतात ते अन्यायाचं वाटतं का. चारपैकी सुमारे तीन वेळा मुलं म्हणाली, नाही. तो लहान आहे, तिला गरज जास्त आहे, असं कारण मुलांना दिसलं की फरक सोसवतो. सल राहतो तो कारण न दिसलेल्या फरकाचा. मग ती रिकामी जागा मूल स्वतःच भरतं, आणि मूल भरताना आईवडिलांना दोष देत नाही. ‘माझ्यातच काहीतरी कमी असणार’ हे उत्तर त्याला सोपं पडतं. आपल्या थोरल्याच्या बाबतीत ‘हा सांभाळून घेईल’ यात विश्वासही असू शकतो, पण अठराव्या वर्षी त्यानं ते ‘याचं काही अडत नाही’ असं ऐकलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स मॅकलो यांनी दीर्घकालीन नैराश्यासाठीच ‘सीबीएएसपी’ नावाची एक उपचारपद्धती बांधली. तिचा रोख नेमका इथे आहे. त्यांचं म्हणणं असं की, या रुग्णाला आपण केलेल्या गोष्टीचा समोरच्यावर काय परिणाम झाला ते दिसेनासं होतं. जुना निष्कर्षच तो प्रत्येक प्रसंगावर लावत राहतो. म्हणून उपचारात बालपणावर महिनोन्महिने चर्चा करण्याऐवजी एक ताजा, छोटा प्रसंग घेतात. कागदावर लिहितात. नेमकं काय घडलं, त्याचा मी काय अर्थ लावला, मी काय केलं, शेवटी काय झालं, आणि मला काय व्हायला हवं होतं.

थोरल्याचा प्रसंग असा. एका हॉटेलची टॉवेलची मोठी ऑर्डर अखेर रवाना झाली होती. घरी येऊन चपला काढता काढता तो म्हणाला, ‘आई, माल गेला आज.’ आई म्हणाली, ‘बरं झालं.’ तेवढ्यात पुण्याचा फोन वाजला. तो उठून गच्चीवर गेला, जेवायला खाली आला नाही.

अर्थ त्यानं तीन लावले. तिला फक्त तोच दिसतो. मी असून नसून सारखाच. काही सांगून उपयोग नाही. आता एकेक तपासायचा. पहिल्यात थोडं तथ्य आहे, फोनवर ती खरंच खुलते, ते नाकारायचं नाही. दुसरा त्या संध्याकाळच्या घटनेतून निघतच नाही. साडेसातला तिनं थेंब घालायला त्यालाच हाक मारली होती, आणि बायकोनं विचारलं तेव्हा ‘तोच घालेल’ म्हणाली होती. तिसरा तर त्यानं करून पाहिलाच नाही. ऑर्डर किती मोठी, पैसे कधीपासून अडकले होते, यातलं काहीच आईला कळलं नव्हतं. तिच्या कानावर पडले ते पाठमोऱ्या मुलाचे तीनचार शब्द.

मग शेवटचा प्रश्न, काय व्हायला हवं होतं? त्यानं आधी लिहिलं, ‘आईनं मला त्याच्याइतकं मानावं.’ समुपदेशक इथे थांबवतो. ही गोष्ट थोरल्याच्या हातात नाही आणि एका संध्याकाळीत घडणारीही नाही. खोडून दुसरं लिहिलं, ‘ऑर्डरचं सगळं आईला सांगायचं होतं.’ हे हातात आहे. मग अर्थही बदलून लिहायचा: ‘फोन चालू आहे, संपला की सांगतो.’ पुढच्या वेळी तो तसं करतो. आई ऐकते, मधेच धाकट्याचं नाव काढते, पण ऐकते. ‘काही सांगून उपयोग नाही’ हे वाक्य त्या दिवशी खोटं ठरतं. असे प्रसंग आठवड्यामागून आठवडे तपासावे लागतात. एकदोनदा करून काही होत नाही.

आईनं ऐकलंच नाही तर? तसंही होतं. दुजाभाव खरा असू शकतो आणि काही आया शेवटपर्यंत बदलत नाहीत. ‘तू असं का केलंस’ म्हणून सत्तरीतल्या आईला धारेवर धरलं, तर बहुतेकदा ‘मी कधी फरक केला?’ एवढंच ऐकायला मिळतं आणि महिनाभर अबोला. माझ्या मते तो मार्ग फार क्वचित फळतो. मॅकलो यांची पद्धत त्या नात्याच्या बाहेरही नजर वळवते. कारखान्यातले कामगार, बायको, स्वतः समुपदेशक, यांना काही सांगितल्यावर ते काय करतात आणि अशा वेळी आईनं काय केलं असतं, हे शेजारी शेजारी ठेवून बघायला लावते.

हिचा उपयोग किती, यावर २००० मध्ये ६८१ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांनी नुसत्या औषधानं किंवा नुसत्या या उपचारानं ४८ टक्क्यांना फरक पडला, दोन्ही मिळून ७३ टक्क्यांना. त्यात वापरलेलं नेफाझोडोन हे औषध यकृतावरच्या दुष्परिणामांमुळे पुढे बऱ्याच देशांत मागे घेतलं गेलं. आज डॉक्टर दुसरी औषधं देतात. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या आठवड्यात ‘काहीच होत नाही’ म्हणून गोळ्या बंद करणारे पुष्कळ असतात. प्रसंगाचा कागद भरायला मदत करील असा समुपदेशक शोधताना या पद्धतीचं नाव कुठे पाटीवर दिसेलच असं नाही. विचार आणि वर्तन यांवर काम करणारा प्रशिक्षित माणूस हे काम करू शकतो.

आपलं दुखणं नैराश्याचं आहे का, हे चाचपायला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी चालते. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण २७ पैकी १० किंवा जास्त आले तर डॉक्टरांना भेटायचं. त्यातला नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. त्याला शून्याच्या वर काहीही उत्तर आलं तर बेरजेची वाट न बघता त्याच दिवशी बोलायचं. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.