क्लिक वाढले, की शीर्षकामुळे क्लिक वाढले? ज्युनिअर कंटेंट रायटरच्या अर्जातला एक परिच्छेद

माझी भाची सोलापुरातच वाढली, बी.कॉम. झाली आणि दोन वर्षं एक छोटा मराठी ब्लॉग चालवते. सोलापूरचं खाणं, सण, बाजार असे तिचे विषय. एप्रिलच्या मध्यात तिने ज्युनिअर कंटेंट रायटरच्या जागेसाठी अर्ज केला. त्यासोबत जोडायचं पत्र आधी मला दाखवलं. त्यातलं मुख्य वाक्य असं होतं: ‘गड्डा यात्रेवरच्या लेखाचं शीर्षक आणि वर्णन मी नव्याने लिहिलं आणि त्याचे क्लिक सहापट झाले.’

शीर्षक आणि वर्णन म्हणजे गूगलच्या निकालांत दिसणारी लेखाच्या नावाची ओळ आणि तिच्याखालचा छोटा मजकूर. आकडा खरा होता. तरी ते वाक्य काढ, असं मी तिला सांगितलं. ‘मावशी, सहापट झालेत की, मी खोटं कुठे लिहिलंय?’ ती म्हणाली. खोटं नव्हतंच. पण क्लिक वाढणं ही एक गोष्ट आणि शीर्षकामुळे क्लिक वाढणं ही दुसरी. पत्र वाचणारा माणूस दुसरी शोधत असतो.

गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये प्रत्येक पानाचे चार आकडे दिसतात. शोधाच्या निकालांत पान किती वेळा दिसलं, त्यावर किती क्लिक झाले, दिसण्याच्या मानाने क्लिकचं प्रमाण किती (यालाच सीटीआर म्हणतात) आणि पानाचा सरासरी क्रमांक कितवा. क्लिक दोन वाटांनी वाढतात. एक तर पान जास्त वेळा दिसतं, नाहीतर तितक्याच वेळा दिसूनही जास्त लोक त्यावर बोट ठेवतात. चांगलं शीर्षक मुख्यतः दुसरं काम करतं.

आता संक्रांतीला सोलापुरात भरणाऱ्या या यात्रेचा लेख पाहा. तिने शीर्षक बदललं २२ डिसेंबरला. त्याआधीच्या २८ दिवसांत लेख ६०० वेळा दिसला आणि २४ क्लिक आले, म्हणजे ४ टक्के. नंतरच्या २८ दिवसांत तो ४,१०० वेळा दिसला आणि १५० क्लिक आले, म्हणजे ३.७ टक्के. क्लिक सहापट, पण प्रमाण उलट किंचित उतरलं. कारण सोलापूरकराला सांगायला नको. संक्रांत आली, नंदीध्वज निघाले, अक्षता सोहळा कधी, होम मैदानावर गड्डा किती दिवस, हे सगळेच शोधायला लागले. लेख जास्त दिसला तो सिद्धेश्वर महाराजांच्या यात्रेमुळे.

खात्री करायची तर मागच्या वर्षीचे तेच दिवस काढायचे. सर्च कन्सोल १६ महिन्यांपर्यंतची माहिती ठेवतं, त्यामुळे आदल्या वर्षीचे ते चार आठवडे आम्हाला जेमतेम मिळाले. तेव्हा जुनंच शीर्षक होतं. लेख ३,७०० वेळा दिसला होता आणि क्लिक १४१, म्हणजे ३.८ टक्के. नव्या शीर्षकाने त्या लेखात काहीच हललं नव्हतं. ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली. मलाही वाईट वाटलं, कारण त्या लेखावर तिने खूप मेहनत घेतली होती.

मग तिनेच शेंगा चटणीचा लेख उघडला. त्याचं शीर्षक तिने १ मार्चला बदललं होतं, पण पत्रात घेतलं नव्हतं, कारण क्लिक फक्त १९ वरून ५४ झाले होते. तिला तो आकडा लहान वाटला. माझ्या मते पत्रात घ्यायचा तो हाच.

जुनं शीर्षक होतं ‘चव आमच्या मातीची’. वर्णन लिहिलेलंच नव्हतं. लोक मात्र शोधत होते ‘शेंगा चटणी रेसिपी’ आणि ‘शेंगा चटणी किती दिवस टिकते’. लेखात दोन्हींची उत्तरं होती, पण निकालांच्या यादीत ते कळायला मार्ग नव्हता. ‘माती’ वाचून चटणी कुणाला आठवणार? तिने हे असं केलं:

```html
<title>सोलापुरी शेंगा चटणी: प्रमाण, कृती, किती दिवस टिकते</title>
<meta name="description" content="पाव किलो शेंगदाण्याला लसूण आणि तिखट किती, तेल सुटेपर्यंत कसं कुटायचं आणि चटणी कशी टिकवायची.">
```

वस्तूचं नाव आधी, लोकांचे प्रश्न नंतर, तेही त्यांच्याच शब्दांत. पानावर दिसणारा मोठा मथळा तिने तसाच ठेवला. तो आणि हे शीर्षक वेगवेगळे असू शकतात. ‘चव आमच्या मातीची’ हे पानावर शोभतं.

बदलल्यावर लगेच मोजायचं नसतं. गूगलने पान पुन्हा वाचून नवं शीर्षक दाखवायला सुरुवात केली का, हे आधी बघायचं. तिने स्वतः शोधून पाहिलं, चार दिवसांत दिसायला लागलं. म्हणून आम्ही १ ते २८ फेब्रुवारी आणि ५ मार्च ते १ एप्रिल असे दोन कालखंड घेतले. दोन्ही नेमके चार आठवड्यांचे, म्हणजे रविवारही तितकेच. आधी १,२४० वेळा दिसून १९ क्लिक, १.५ टक्के. नंतर १,३१० वेळा दिसून ५४ क्लिक, ४.१ टक्के. सरासरी क्रमांक ६.८ वरून ६.५, म्हणजे जवळपास जागच्या जागी. दिसणं तेवढंच, जागा तीच, तरी क्लिक जास्त. इथे शीर्षकाकडे बोट दाखवता येतं.

क्रमांक बघणं मी मुद्दाम धरून ठेवते. शीर्षकातले शब्द क्रमांकावरही परिणाम करू शकतात. पान आठव्यावरून तिसऱ्यावर गेलं असतं, तर क्लिक जागेमुळे वाढले की वाचून वाढले हे सांगता आलं नसतं. सरासरीही फसवते, कारण तिच्यात नाना शोधांची सरमिसळ असते. म्हणून ‘शेंगा चटणी रेसिपी’ हा एकच शोध वेगळा काढून पाहिला. आधी ३१० वेळा दिसून ५ क्लिक, नंतर ३२५ वेळा दिसून १७. दिशा तीच निघाली. (मोजक्या लोकांनी केलेले शोध गूगल नावानिशी दाखवत नाही, त्यामुळे अशा वेगवेगळ्या शोधांची बेरीज एकूण आकड्याइतकी येत नाही. ती चूक समजून घाबरू नये.)

एक गोष्ट मात्र सुटत नाही. शीर्षक आणि वर्णन एकाच दिवशी बदलले, म्हणून कुणाचा वाटा किती हे सांगता येत नाही. त्यातून टिकण्याबद्दलच्या शोधाला गूगल तिचं वर्णन न दाखवता लेखातलीच एक ओळ उचलून दाखवत होतं. तसं ते करतं. वर्णनाने क्रमांक वाढत नाही आणि ते दिसेलच याचीही हमी नसते. तेव्हा पत्रात दोन्हींचं नाव एकत्रच घ्यायचं ठरलं.

शेवटी परिच्छेद असा झाला:

‘माझ्या शेंगा चटणीच्या लेखाचं शीर्षक “चव आमच्या मातीची” असं होतं. वाचक कृती आणि टिकण्याबद्दल शोधत होते, म्हणून शीर्षक आणि वर्णन त्यांच्या शब्दांत लिहिलं. लेखातला मजकूर तसाच ठेवला. बदलाच्या आधीच्या आणि नंतरच्या २८ दिवसांत लेख साधारण तितक्याच वेळा दिसला, सरासरी क्रमांक ६.८ वरून ६.५ झाला आणि क्लिकचं प्रमाण १.५ वरून ४.१ टक्क्यांवर गेलं (१९ वरून ५४ क्लिक). आकडे लहान आहेत आणि दोन्ही बदल एकत्र केले होते. दोन्ही कालखंडांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.’

यात्रेच्या लेखाचे आकडे तिने वहीत वेगळे लिहून ठेवलेत. मुलाखतीत कुणी विचारलं, की तुझा कोणता बदल चालला नाही, तर ती मागच्या वर्षीच्या चार आठवड्यांसकट तोच लेख सांगणार आहे.