काटकोनी रस्त्यांवरून दूर जाणारी वाहने (संबंधित बदलदर)

एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या दोन रस्त्यांच्या चौकातून दोन वाहने निघाली, तर त्यांच्यातील सरळ अंतर कोणत्या वेगाने वाढते, हा कलनशास्त्रातील संबंधित बदलदरांचा नेहमीचा प्रश्न आहे. चौकापासून एका वाहनाचे अंतर x, दुसऱ्याचे y आणि दोघांमधले अंतर z मानले, की चौक आणि दोन वाहने मिळून काटकोन त्रिकोण होतो व z हा त्याचा कर्ण ठरतो. म्हणून z² = x² + y². दोन्ही बाजूंचे काळाच्या सापेक्ष अवकलन करून २ काढून टाकला, की हाती येते:

z·(dz/dt) = x·(dx/dt) + y·(dy/dt)

समजा, दोन्ही वाहनांचा वेग ताशी ६० किमी आहे. पूर्वेकडे जाणारे वाहन आधी सुटले आणि उत्तरेकडचे त्यानंतर १० मिनिटांनी. दुसऱ्याला निघून अर्धा तास झाला, की y = ३० आणि x = ४०, म्हणजे z = ५० किमी. तेव्हा dz/dt = (४० × ६० + ३० × ६०) / ५० = ताशी ८४ किमी. पडताळा साधा आहे. आणखी एका मिनिटाने अंतरे ४१ आणि ३१ होतात, कर्ण सुमारे ५१.४ भरतो, मिनिटाला १.४ किमी म्हणजे तासाला ८४ किमीच.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे ४० आणि ३० हे आकडे अवकलनाआधीच समीकरणात घालणे. मग z = ५० ही स्थिर संख्या उरते आणि दर शून्य येतो, जणू वाहने उभीच आहेत. वेगांची बेरीज करून १२० म्हणणे हेही चूकच. ते उत्तर विरुद्ध दिशांना जाणाऱ्या वाहनांचे.

याहून फसवी चूक वेगांनाच पायथागोरसचे प्रमेय लावण्याची. √(६०² + ६०²) म्हणजे सुमारे ८४.८५, आणि हे खऱ्या ८४ च्या इतके जवळ आहे की शंकाही येत नाही. दुसरे वाहन सुटते त्या क्षणी मात्र फरक उघडा पडतो. तेव्हा x = १०, y = ०, त्यामुळे अंतर ताशी फक्त ६० किमीनेच वाढत असते; उत्तरेकडचा वेग दोघांना जोडणाऱ्या रेषेला लंब असल्याने त्या क्षणी अंतरात काहीच भर घालत नाही. ८४.८५ हा सापेक्ष वेग आहे, तर dz/dt हा त्याचा जोडरेषेवरचा घटक, म्हणून तो त्याहून जास्त कधीच होत नाही. या उदाहरणात तो ६० पासून चढत ८४.८५ च्या हवा तितका जवळ जातो, पण तिथे पोहोचत नाही. दोन्ही वाहने चौकातून एकाच वेळी निघून आपापला वेग कायम ठेवत असतील, तर मात्र x : y हे गुणोत्तर वेगांच्या गुणोत्तराइतकेच राहते, आणि तेव्हा वेगांवर लावलेले प्रमेय पहिल्या क्षणापासून बरोबर उत्तर देते.