स्मृतिभ्रंश आणि संगीतोपचार : सटीप संदर्भसूची

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींसाठीच्या संगीतोपचारावरील अभ्यासांची नोंद करून प्रत्येक नोंदीखाली त्या अभ्यासाचे स्वरूप, निष्कर्ष आणि मर्यादा सांगणारी टीप जोडली, की सटीप संदर्भसूची तयार होते. नुसती यादी कोणालाही करता येते. सूचीचे मोल टिपेत असते.

या विषयात पहिली अडचण ‘संगीतोपचार’ या शब्दाचीच आहे. प्रशिक्षित उपचारकाने रुग्णासोबत बसून गाणे, वाजवणे, त्याच्या प्रतिसादाप्रमाणे लय बदलणे ही एक गोष्ट आणि परिचारिकेने कानाला हेडफोन लावून आवडीची गाणी ऐकवणे ही दुसरी. लेखांच्या शीर्षकात मात्र दोन्हींना बहुधा एकच नाव दिलेले आढळते. म्हणून उपचार कोणी दिला, आठवड्यातून किती वेळा, किती आठवडे आणि तुलना कशाशी केली, हे टिपेच्या पहिल्याच वाक्यात यावे. ही माहिती ज्या लेखात सापडत नाही, तो सूचीत घेण्याजोगा नाही.

शोधाची सुरुवात पबमेड या वैद्यकीय लेखांच्या माहितीसंग्रहात पुढील ओळीने करता येते :

```
"Music Therapy"[Mesh] AND "Dementia"[Mesh] AND randomized controlled trial[pt]
```

मराठी मजकूर शोधताना ‘स्मृतिभ्रंश’, ‘अल्झायमर’, ‘संगीतोपचार’ आणि ‘संगीतचिकित्सा’ हे चारही शब्द स्वतंत्रपणे द्यावे लागतात. एखादा विशिष्ट राग ऐकल्याने स्मृती परत येते असे सांगणारे लेख त्यांत वारंवार भेटतात. तुलनागट नसेल तर असा लेख पुरावा म्हणून नोंदवू नये.

तुलनागट असूनही दोन गोष्टी तपासाव्या लागतात. संगीत ऐकणाऱ्याला आपण संगीत ऐकतो आहोत हे कळतेच, त्यामुळे औषधाच्या चाचणीप्रमाणे ते त्याच्यापासून लपवता येत नाही. पण वर्तन मोजणाऱ्या व्यक्तीला कोण कोणत्या गटात आहे हे माहीत नसावे, एवढी दक्षता घेता येते. ती घेतली नसेल तर फायदा फुगलेला दिसण्याचा संभव असतो. दुसरे असे, की एकाच चाचणीवर अनेक लेख निघतात. फिनलंडमधील 89 रुग्ण-काळजीवाहक जोड्यांच्या, गायनाचा समावेश असलेल्या अभ्यासाचा मुख्य लेख 2014 चा आहे आणि त्याच माहितीचे पुढचे विश्लेषण 2016 मध्ये आले. ते दोन स्वतंत्र पुरावे म्हणून मोजणे चूक ठरते.

नमुन्यादाखल, उपलब्ध अभ्यास एकत्र करून त्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2018 च्या पुनरावलोकनावरील टीप अशी लिहिता येईल : ‘किमान पाच सत्रे असलेल्या 22 अभ्यासांचा समावेश. उपचार संपताना नैराश्याची लक्षणे (11 अभ्यास, 503 व्यक्ती) आणि एकूण वर्तनसमस्या बहुधा थोड्या कमी होतात; आकलनशक्तीत आणि अस्वस्थ-आक्रमक वर्तनात फारसा फरक दिसत नाही. उपचार थांबल्यावर चार आठवड्यांनी किंवा त्यानंतर परिणाम टिकतो का, हे स्पष्ट नाही. 2025 ची सुधारित आवृत्ती (30 अभ्यास, 1720 व्यक्ती) उपलब्ध असल्याने तीच प्रमाण मानावी.’ शेवटचे वाक्य सर्वांत अधिक विसरले जाते, आणि मग जुन्या आवृत्तीतील आकडे वर्षानुवर्षे फिरत राहतात.

तिच्या शेजारी अमेरिकेतील 2022 ची चाचणी ठेवावी. 54 शुश्रूषागृहांतील 976 रहिवाशांपैकी एका गटाला कर्मचाऱ्यांनी वैयक्तिक आवडीची गाणी ऐकवली आणि अस्वस्थतेत लक्षणीय फरक आढळला नाही. घाईने वाचणाऱ्याला हा निकाल कॉक्रेनच्या विरोधात वाटतो; प्रत्यक्षात कॉक्रेनला दिसलेला लाभ नैराश्य आणि एकूण वर्तनसमस्या यांबाबत आहे आणि अस्वस्थतेबाबत दोघांचे म्हणणे जुळते. काय मोजले, हे टिपेत न लिहिल्यास हा गैरसमज वाचकापर्यंत तसाच पोहोचतो.

मराठवाड्यासाठी सूची करताना प्रत्येक टिपेत उपयोज्यतेची एक ओळ असावी. कधीही शाळेत न गेलेल्या परभणी किंवा बीडकडील आजींची स्मृती वाचन-लेखनावर बेतलेल्या मापनाने तपासली, तर निरक्षरतेमुळे गेलेले गुण आजारामुळे गेले असे धरले जाते. म्हणून मूळ अभ्यासातील मापन शिक्षणावर किती अवलंबून आहे ते नोंदवावे. निरक्षर ज्येष्ठांना ध्यानात ठेवून हिंदीत अशी चाचणी तयार झालेली आहे, आणि ती वापरणारा अभ्यास या दृष्टीने अधिक जवळचा ठरतो. संगीताचेही तसेच. जात्यावरच्या ओव्या, जनाबाईंचे अभंग, तुळजापूरच्या देवीचा गोंधळ किंवा खुलदाबादच्या उरुसातील कव्वाली यांच्याशी ज्यांचे तारुण्य जोडलेले आहे, त्यांच्यासाठी ‘ओळखीचे संगीत’ घरोघरी वेगळे असणार. फिनलंडमधील गायनाचा निष्कर्ष ओव्यांवर सिद्ध झाला आहे असे टिपेत लिहू नये. ‘तत्त्व लागू पडू शकते, या संगीतावर चाचणी झालेली नाही’ एवढेच लिहावे.