'डूस'चं 'डूश' का होतं?

चुकीच्या ऐकलेल्या गाण्यांची यादी कुठेही निघाली, की त्यात एक ओळ हमखास असते. 'ब्लाइंडेड बाय द लाइट' हे गाणं अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने लिहिलं आणि १९७३ साली स्वतः गायलं. पण ते गाजलं मॅनफ्रेड मान्स अर्थ बँडने १९७६ साली काढलेल्या आवृत्तीमुळे. त्यात शब्द आहेत 'रेव्ह्ड अप लाइक अ डूस'. असंख्य अमेरिकनांनी मात्र 'रॅप्ड अप लाइक अ डूश' असंच ऐकलं. डूश म्हणजे योनिमार्ग धुण्याचं साधन. ते 'गुंडाळलेलं' कशासाठी असेल, हे कोणालाच सांगता येईना. मग सगळा दोष गायकाच्या उच्चारावर टाकून लोक मोकळे झाले. मला हा निकाल फारच सोपा वाटतो.

आधी मूळ अर्थ पाहू. डूस म्हणजे पत्त्यांतली दुर्री. अमेरिकेतल्या हौशी गाडीवाल्यांच्या बोलीत हा शब्द १९३२ सालच्या फोर्ड गाडीला चिकटला, सालाच्या शेवटच्या दोनावरून. सामान्य माणसाला परवडणाऱ्या किमतीत आठ सिलिंडरचं व्ही-आकाराचं इंजिन फोर्डने याच गाडीत पहिल्यांदा दिलं. पुढे ही गाडी जुनी झाली, स्वस्तात मिळू लागली. पोरं तिचे मडगार्ड काढून वजन कमी करत, इंजिन खोलून ताकद वाढवत आणि शर्यतीला नेत. म्हणून ओळीतली उपमा अशी, की हा माणूस रेस दिलेल्या डूससारखा गुरगुरतो आहे, आता रात्रीत सुसाट सुटणार. स्प्रिंगस्टीनच्या मूळ ओळीत तर तो सुटलेलाच आहे: 'कट लूज लाइक अ डूस'.

आता कानाकडे वळू. 'स्' आणि 'श्' हे दोन्ही नुसते हवेचे फूत्कार. जीभ वरच्या दातांमागे अरुंद फट ठेवते, त्यातून हवा जोरात घुसते आणि खळबळते. 'स्' म्हणताना फटीच्या पुढे ओठांपर्यंत फारच थोडी पोकळी उरते, म्हणून फूत्कार बारीक येतो. त्याचा जोर साधारण ४,००० हर्ट्झच्या वर असतो. 'श्' म्हणताना जीभ मागे सरकते, पोकळी वाढते आणि जोर २,००० ते ४,००० हर्ट्झच्या आसपास उतरतो. करून बघा: एक लांब 'स्स्स्' धरा आणि जीभ न हलवता ओठांचा चंबू करा. ओठांनी पोकळी लांबवल्यामुळे आवाज खाली येतो, 'श्'कडे झुकतो.

'डूस'मध्ये नेमकं हेच घडतं. 'ऊ' म्हणताना ओठांचा चंबू होतो आणि 'स्' येईपर्यंत तो पुरता सुटलेला नसतो. म्हणजे गायकाने 'स्' अगदी शुद्ध म्हटला, तरी त्यात थोडा 'श्' मिसळणारच. रोजच्या बोलण्यात मेंदू ही सरमिसळ वजा करतो. व्हर्जिनिया मान आणि ब्रूनो रेप या संशोधकांनी १९८० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'स्' आणि 'श्'च्या अधलामधला फूत्कार त्यांनी एकदा 'आ'च्या आधी, एकदा 'ऊ'च्या आधी जोडला. 'ऊ'च्या आधी तो लोकांना जास्त वेळा 'स्' ऐकू आला. त्यांच्या प्रयोगात स्वर नंतर होता, आपल्या ओळीत आधी आहे; पण चंबूचं गणित तेच.

गाण्यात मात्र ही वजाबाकी अवघड होते. झांजांचा छणछणाट 'स्'च्याच उंच पट्टीत असतो आणि त्याला झाकून टाकतो. त्यातून त्या काळचे मध्यम लहरींचे साधे रेडिओ ४,०००–५,००० हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकवतच नसत. 'स्'चा ओळखीचा भागच कापला गेल्यावर कानाशी उरतो तो संदिग्ध फूत्कार.

अशा वेळी निकाल शब्दसंग्रह देतो. विल्यम गॅनाँग या संशोधकाने, तेही १९८० सालीच, दाखवलं की संदिग्ध ध्वनी माणसाला ओळखीचा शब्द तयार होईल असाच ऐकू येतो. इथे डूस आणि डूश दोन्ही खरे शब्द आहेत, पण गाड्यांचं वेड नसलेल्या श्रोत्याला त्यातला दुसराच माहीत. एकदा 'डूश' ठरलं, की इंजिनाची रेस निरर्थक होते आणि 'रेव्ह्ड'ही मागाहून 'रॅप्ड' होऊन बसतं. पूर्ण रेकॉर्डवरून मात्र यातला किती दोष उच्चाराचा आणि किती झांजांचा, हे सांगता येत नाही. त्यासाठी गायकाचा आवाज सुटा मिळायला हवा आणि शेवटचा फूत्कार कापून एकटा ऐकायला हवा.

गाणी उलटी वाजवली की सैतानाचे संदेश ऐकू येतात, ही १९८०च्या दशकातली अमेरिकन आवई संदिग्ध आवाजात ओळखीचे शब्द ऐकण्याच्या याच खोडीवर पोसली गेली. जॉन व्होकी आणि डॉन रीड या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली ती तपासली. उलट्या वाजवलेल्या उताऱ्यांवरून लोकांना बोलणारा पुरुष की बाई हे कळलं. उतारा बालगीताचा, धार्मिक की सैतानी, हे ओळखताना मात्र ते नुसत्या अंदाजाच्या पुढे गेले नाहीत. मग त्यांना अमुक वाक्य ऐका असं आधी सांगितलं, तेव्हा बहुतेकांना ते ऐकू आलं.