सिम बदललं की ओटीपी का अडकतो?

जुन्या फोनमधलं प्लास्टिकचं सिम काढून नव्या फोनमध्ये घातलं, तर मोबाईल कंपनीच्या लेखी सिम तेच राहतं आणि ओटीपी पूर्वीसारखे येत राहतात. त्याच सिमचं ई-सिम, म्हणजे कार्डाविना थेट फोनमधल्या चिपवर उतरणारं सिम, करून घेतलं, की मात्र गोष्ट वेगळी होते.

सिमच्या चिपमध्ये एक ओळख क्रमांक आणि एक गुप्त किल्ली असते. तुमचा मोबाईल नंबर कोणत्या ओळख क्रमांकाला जोडायचा, ही नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. ती किल्ली चिपबाहेर काढता येत नाही, म्हणून कंपनी नव्या फोनसाठी नवं प्रोफाइल, म्हणजे नवा ओळख क्रमांक आणि नवी किल्ली, देते आणि तुमचा नंबर त्याला जोडते. जुनं सिम त्याच क्षणी बंद पडतं. डुप्लिकेट सिम काढून बँक खातं साफ करणारा भामटाही नेमकं हेच करतो. म्हणून भारतात सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस येणं-जाणं बंद ठेवतात. खऱ्या मालकाचा फोन अचानक मुका झाला, तर त्याला बँकेला कळवायला तेवढा वेळ मिळावा, हा त्यामागचा हेतू.

समजा, गुरुवारी संध्याकाळी ६ वाजता ई-सिम चालू झालं. कॉल लागतात, इंटरनेट चालतं, त्यामुळे सगळं सुरळीत वाटतं. मग यूपीआय ॲप उघडलं की ते त्या सिमवरून बँकेला एक एसएमएस पाठवू पाहतं, कारण नंबर खरोखर याच फोनमध्ये आहे हे त्याला तपासायचं असतं. तो एसएमएस जातच नाही आणि 'पडताळणी अयशस्वी' असं दिसतं. लोक इथे पुन्हापुन्हा प्रयत्न करतात, ॲप काढून परत टाकतात. त्याने काही होत नाही, उलट काही बँका जास्त प्रयत्न झाले की तात्पुरतं कुलूप लावतात. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत थांबायचं, एवढंच. व्हॉट्सॲपला मात्र कोड एसएमएसऐवजी कॉलवर मागता येतो आणि कॉल चालू असतात.

म्हणून शुक्रवारी हप्ता भरायचा असेल, तर गुरुवारी ई-सिमच्या वाटेला जाऊ नये. आधी प्लास्टिकचं सिम नव्या फोनमध्ये घालून बँक, यूपीआय लावून घ्यावं, आणि ई-सिम निवांत दिवशी करावं. त्यानंतर काही ॲप पुन्हा पडताळणी मागतील, तेवढी तयारी ठेवावी. एका ई-सिम फोनवरून दुसऱ्यावर जातानाही नवं प्रोफाइलच मिळतं, त्यामुळे तिथेही एक दिवस एसएमएसविना काढायची तयारी हवी.

ऑथेंटिकेटर ॲपमधल्या दर ३० सेकंदांनी बदलणाऱ्या कोडचा सिमशी काही संबंध नसतो. ते कोड ज्या गुपितावरून तयार होतात, ते जुन्या फोनमध्ये साठवलेलं असतं. ते 'एक्स्पोर्ट' करून नव्या फोनमध्ये घेतल्याशिवाय, आणि नवा कोड वापरून एकदा लॉगिन करून पाहिल्याशिवाय, जुना फोन रीसेट करू नका. दुकानदार एक्सचेंजसाठी कितीही घाई करत असला तरी.